आधी वटवा, मग भांडा? एका सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात लघुउद्योजकांच्या एका बैठकीत माझ्या एका ज्येष्ठ वकीलमित्राने दिलेला सल्ला ऐकून मी खुर्चीत चुळबुळत बसलो होतो. सल्ला असा : तुमचे सहा लाख येणे आहे, समोरच्याने चार लाखांचा चेक पाठवला आणि सोबतच्या पत्रात 'फुल अँड फायनल' असे लिहिले, तरी घाबरू नका. चेक बँकेत टाका, पैसे पदरात पाडून घ्या, आणि मग निवांतपणे उरलेल्या दोन लाखांची नोटीस पाठवा. कमी रकमेने मोठे कर्ज फिटत नाही, हा चारशे वर्षांचा जुना नियम आहे. फारच धाकधूक वाटली तर चेकच्या पाठीवर 'अंडर प्रोटेस्ट' लिहा म्हणजे झाले. सभागृहात टाळ्या पडल्या. पडणारच. दुसऱ्याकडे पैसे अडकलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय ऐकवणार?

मित्राबद्दल आदर आहे, म्हणून त्याचे नाव घेत नाही. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकून हात पोळलेला एक पक्षकार माझ्या कार्यालयात येऊन गेला आहे.

त्याचे भोसरीत पत्र्याच्या पेट्या बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. एका मोठ्या खरेदीदाराकडे त्याची पाच बिले थकली होती, एकूण ६,४०,००० रुपयांची. खरेदीदाराने रंगकामाची तक्रार काढली आणि महिनाभर चालढकल करून ४,५०,००० रुपयांचा चेक पाठवला. सोबतच्या पत्रात तीन वाक्ये होती. हा चेक पाचही बिलांच्या पूर्ण व अंतिम फेडीदाखल पाठवत आहोत. मान्य नसल्यास ताबडतोब परत करावा. वटवल्यास आपणांस ही तडजोड मान्य आहे असे समजले जाईल. चेक ८ जूनला हातात आला. १० तारखेला कामगारांचे पगार होते. ९ जूनला त्याने तो बँकेत टाकला, आणि २१ जूनला उरलेल्या १,९०,००० रुपयांची नोटीस धाडली. खरेदीदाराच्या वकिलाने उत्तरात एवढेच लिहिले, की आमच्या पत्रातील तिसरे वाक्य वाचावे.

आता मित्राच्या 'चारशे वर्षांच्या नियमा'कडे वळू. तो नियम खरा आहे, पण तो इंग्लंडचा आहे. १६०२ मध्ये पिनेलच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने म्हटले, की ठरलेल्या दिवशी कमी रक्कम देऊन पूर्ण देणे फिटत नाही. मात्र पैशांऐवजी घोडा, ससाणा किंवा अंगरखा दिला आणि समोरच्याने तो घेतला, तर फिटते. तर्क असा, की रोख रकमेपेक्षा घोडा एखाद्याला जास्त मोलाचा वाटू शकतो, पण शंभरातले साठ हे शंभराहून जास्त मोलाचे कुणालाच वाटणार नाहीत. उरलेले चाळीस सोडून देण्याचे वचन मोबदल्याशिवायचे, म्हणून पोकळ. १८८४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने डॉ. फोक्स आणि श्रीमती बीअर यांच्या खटल्यात हाच नियम पक्का केला. बाईंनी हप्त्यांनी पैसे घेण्याचे आणि पुढे कारवाई न करण्याचे लिहून दिले होते. मुद्दल सगळे मिळाल्यावर त्यांनी व्याज मागितले, आणि न्यायालयाने ते त्यांना दिले.

हे सगळे लॉ कॉलेजात शिकवले जाते, परीक्षेत विचारले जाते, आणि म्हणून पन्नाशीतही डोक्यात राहते. शिकवणारे एक गोष्ट मात्र घाईघाईने उरकतात, ती म्हणजे १८७२ च्या भारतीय करार कायद्याने हा नियम मुळातच घेतलेला नाही.

कलम ६३ पाहा. ज्याला वचन दिले आहे तो त्या वचनाची पूर्तता पूर्णतः किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, मुदत वाढवू शकतो, किंवा पूर्ततेऐवजी त्याला योग्य वाटेल ते समाधान स्वीकारू शकतो. या सोडून देण्याला मोबदला हवा, असा एक शब्दही त्यात नाही. आणि शंका राहू नये म्हणून कायद्याने उदाहरणे दिली आहेत. अ हा ब चे ५,००० रुपये देणे लागतो. अ त्याला ते जिथे आणि जेव्हा द्यायचे होते तिथेच, तेव्हाच २,००० रुपये देतो आणि ब ते संपूर्ण कर्जाच्या फेडीदाखल स्वीकारतो. संपूर्ण कर्ज फिटले. घोडा नाही, ससाणा नाही, अंगरखाही नाही. रक्कम वादग्रस्त असण्याचीसुद्धा गरज नाही. पुढच्या एका उदाहरणात देण्याचा आकडाच ठरलेला नसतो. तिथेही ब ने २,००० स्वीकारले की मूळ देणे कितीही असो, विषय संपतो. म्हणजे मित्राने टाळ्या मिळवल्या त्या नियमाला आपल्या कायद्याने इंग्लंडातल्या त्या बीअर बाईंच्या निकालाच्याही बारा वर्षे आधी निरोप दिला होता.

सर्वोच्च न्यायालयाने याला १९६२ मध्ये कपूरचंद गोधा यांच्या प्रकरणात ठळक रूप दिले. निजामाच्या थोरल्या मुलाला, म्हणजे बेरारच्या राजपुत्राला, एका जवाहिऱ्याने दागिने विकले होते. पैसे थकले, व्याज साचले, आणि मागणी सत्तावीस लाखांवर गेली. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर राजपुत्राची देणी मिटवण्याची सरकारी व्यवस्था झाली आणि या जवाहिऱ्याला २० लाख देण्याचे ठरले. त्याने आधी कुरकुर केली. पण शेवटी दोन हप्त्यांत २० लाख घेतले आणि संपूर्ण फेड झाल्याची सही केली. मग उरलेल्या रकमेसाठी दावा लावला. न्यायालयाने कलम ६३ आणि तिसऱ्याने केलेल्या फेडीबद्दलचे कलम ४१ समोर ठेवून सांगितले, की पूर्ण समाधान म्हणून घेतले, आता मागे फिरता येणार नाही. राजपुत्राकडून हक्काचे पैसे न मिळालेल्या त्या जवाहिऱ्याची मला दया येते. पण सहीपुढे दया चालत नाही.

इथे मित्र म्हणेल, की ती सही होती, माझ्या पक्षकाराने तर फक्त चेक बँकेत टाकला. हा त्याचा सर्वांत चांगला मुद्दा, म्हणून इथे थोडे थांबतो.

समोरच्याने एकतर्फी 'फुल अँड फायनल' लिहिल्याने काहीच होत नाही, हे मित्राचे म्हणणे बरोबर आहे. कलम ६३ मध्ये स्वीकारणारा तुम्ही आहात, देणारा नाही. त्याचे पत्र हा केवळ प्रस्ताव. पण प्रस्ताव स्वीकारायला सही लागते असे कुठे आहे? कलम ८ सांगते, की प्रस्तावातील अट पार पाडणे किंवा प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला स्वीकारणे हीच प्रस्तावाची स्वीकृती. 'वटवल्यास मान्य' असे लिहिलेला चेक वटवणे म्हणजे पेनाने नाही, पण बँकेच्या स्लिपने केलेली सही.

२००६ चा भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध भारत सरकार हा निकाल नेमका याच वळणावर आहे. रेल्वेने मालाच्या नुकसानीच्या दाव्यांत मागणीपेक्षा कमी रकमेचे चेक पाठवले, आणि पत्रात लिहिले, की मान्य नसेल तर चेक ताबडतोब परत करा, ठेवून घेतला किंवा वटवला तर पूर्ण समाधान झाले असे धरले जाईल. व्यापाऱ्याने चेक वटवले, निषेधाची पत्रेही पाठवली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या सोयीचे सरसकट वाक्य टाळले. न्यायालय म्हणाले, वागणुकीतून स्वीकृती होते, पण वागणूक निःसंदिग्ध असली पाहिजे. प्रत्येक प्रकरणातला पुरावा पाहावा लागेल. घेताना राखीव हरकत होती असे दिसले, तर ती स्वीकृती नाही. हरकतीशिवाय घेतले, तर ती स्वीकृती, आणि स्वीकृती एकदा झाली की मागाहून मन बदलता येत नाही. मग प्रश्न उरला एकच : निषेधाची पत्रे चेक वटवण्याच्या आधीची की नंतरची? आधीची आहेत, हे व्यापाऱ्याला सिद्ध करता आले नाही. तो हरला.

म्हणजे या विषयात सगळे काही घड्याळावर आहे. मित्राने व्यासपीठावरून सांगितलेला क्रम, आधी वटवा आणि मग भांडा, हा नेमका हरण्याचा क्रम आहे. माझ्या भोसरीच्या पक्षकाराने तोच पाळला. ९ जूनच्या स्लिपने त्याने हो म्हटले होते. २१ जूनची नोटीस ही होऊन गेलेल्या करारावरची नाराजी होती. त्याने खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागात ८ तारखेला फोन करून आरडाओरड केली होती असे तो शपथेवर सांगतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण फोनवरचे भांडण न्यायालयापुढे कोण उभे करणार? त्या विभागातली बाई म्हणाली, असा फोन आल्याचे मला आठवत नाही.

चेकच्या पाठीवर 'अंडर प्रोटेस्ट' लिहिण्याची युक्ती तर मला थट्टाच वाटते. हे कुणाला कळवायचे असते? चेक लिहिणाऱ्याला. पण चेक ट्रंकेशन पद्धतीत तुमचा चेक तुमच्याच बँकेत थांबतो. पुढे जाते ती त्याची प्रतिमा, आणि तीसुद्धा समोरच्याच्या बँकेकडे, समोरच्याकडे नाही. बँकेला सही, रक्कम, तारीख याच्याशी देणेघेणे. तुमच्या व खरेदीदाराच्या वादात ती पक्षकार नाही, पाठीवरचा मजकूर ती कुणाला वाचून दाखवणार नाही. पाठीवर लिहून गप्प बसणे म्हणजे मनात निषेध करून समाधान मानणे. अमेरिकेत या विषयावर वेगळा सविस्तर नियम आहे, त्यात काही अटींवर ९० दिवसांत पैसे परत करून सुटका होते. व्हॉट्सअपवर फिरणारे बरेच सल्ले तिथलेच उचललेले असतात. आपल्या करार कायद्यात अशी ९० दिवसांची खिडकी नाही.

मग करायचे काय? सर्वांत बिनधोक म्हणजे चेक परत करणे. पण पगार तोंडावर असलेल्या माणसाला हे सांगणे सोपे नाही, हे मला कळते. दुसरा मार्ग असा, की चेक हातात आल्याच्या दिवशी, बँकेत जाण्याआधी, ईमेल आणि स्पीड पोस्टने दोन ओळी पाठवायच्या : आपली तडजोड अमान्य, हा चेक आम्ही बिलांच्या हिशेबापोटी आंशिक रक्कम म्हणून जमा करणार आहोत, हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा, चेक परत पाठवू. मग ती तारीख जाऊ द्यायची. चेक तीन महिने चालतो, चार दिवस थांबला तर आकाश कोसळत नाही. समोरच्याला हे कळूनही त्याने ना चेक मागे मागितला ना बँकेत पेमेंट थांबवले, तर तुम्ही त्याची अट मान्य केली असे त्याला म्हणता येणे अवघड. यावरही कुरकुर करणारा वकील भेटेल. तो म्हणेल, अटीसह दिलेले पैसे अट झुगारून घेता येत नाहीत. त्याचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, म्हणूनच हा मार्ग परत करण्याइतका पक्का नाही असे मी म्हणतो. पण भगवती प्रसादच्या निकालात उघड ठेवलेला दरवाजा हाच आहे.

'हिशेबापोटी' हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या पेढ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि 'हिशेब चुकता' याच्या बरोबर उलट आहे. न्यायालयही शेवटी हेच शोधत असते : माणसाने 'पोटी' घेतले की 'चुकता' म्हणून घेतले? आणि याचे उत्तर पत्रव्यवहारापेक्षा खात्यांत जास्त सापडते. माझ्या पक्षकाराचे नशीब तिथेही फिरले. जून संपताना खरेदीदाराच्या अकाउंटंटने त्याच्याकडून १,९०,००० रुपयांची क्रेडिट नोट मागितली. जीएसटीचा मेळ बसवण्यापुरती आहे, असे सांगितले. नोटीस गेल्यानंतरही याच्या अकाउंटंटने ती निमूटपणे काढून दिली. एकीकडे मालक म्हणतो रक्कम येणे आहे, दुसरीकडे त्याचेच कार्यालय लिहून देते की ती रक्कम बिलातून कमी केली. हा कागद समोर आल्यावर मी दावा पुढे नेण्याचा सल्ला दिला नाही. क्रेडिट नोट, खात्यात उरलेल्या रकमेवर टाकलेला बट्टा, वर्षअखेरीस शून्य बाकीवर दिलेली सही, यांतले प्रत्येक पान पुढे 'चुकता' म्हणून वाचले जाते.

मित्राचा शेवटचा आधार दडपणाचा. गरजू माणसाने नाइलाजाने घेतले तर ती स्वीकृती कसली? इथे त्याच्या बाजूने खरोखर काही आहे. इंग्लंडात १९६५ मध्ये डी अँड सी बिल्डर्स या छोट्या बांधकाम व्यावसायिकांना ४८२ पौंडांऐवजी ३०० पौंडांचा चेक असाच, त्यांची तंगी ओळखून, टेकवला गेला होता, आणि लॉर्ड डेनिंग यांनी ती तडजोड धुडकावली. आपल्याकडे २००८ मध्ये बोघारा पॉलिफॅब निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही उदाहरणे देऊन रेषा आखली. कंत्राटदाराची मागणी दहा लाखांची, मालकाला त्यातले सहा लाख मान्य, पण 'पूर्ण व अंतिम' अशी पावती दिल्याशिवाय ते मान्य सहा लाखही सोडत नाही. तंगीत सापडलेल्या कंत्राटदाराने सही केली तर ती आर्थिक दडपणाखालची, त्याला बांधणारी नाही. याउलट, दावा लढण्यापेक्षा मिटवलेले बरे म्हणून मागणी करणाऱ्याने आपणहून आकडा खाली आणला आणि सही केली, तर त्याची पैशांची चणचण खरी असली तरी निवड त्याची होती. तो बांधला गेला.

फरक नीट पाहिला पाहिजे. दडपण तुमच्या परिस्थितीचे असून भागत नाही, समोरच्याने ते वापरलेले असले पाहिजे. ज्याबद्दल वादच नाही ते पैसे अडवून धरणे हे वापरणे आहे. तसे पत्र हाती असेल तर मी स्वतः दावा लावेन. पण भोसरीच्या प्रकरणात खरेदीदाराने रंगकामाची तक्रार आधीच लेखी केली होती, चेकसोबत परत करण्याचा पर्याय दिला होता, आणि पगाराची तारीख त्याला कुणी कळवलेली नव्हती. वर, १२ दिवस तोंडातून दडपणाचा शब्द निघालेला नाही. नुसते 'दडपणाखाली घेतले' असे अर्जात लिहून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मास्टर कन्स्ट्रक्शनच्या निकालात स्पष्ट केले आहे. तपशील आणि पुरावा लागतो.

एक गोष्ट मित्र बोलताना पूर्ण विसरला, ती म्हणजे आता चेक फारसे येतच नाहीत. पैसे थेट खात्यात येऊन पडतात. चेक वटवायला तुम्हाला बँकेत जावे लागे, काहीतरी करावे लागे. इथे तुम्ही काहीच केलेले नसते. इंग्रजी कायद्यात १८६२ पासून मान्य आहे, की 'गप्प बसलास तर हो समजेन' असे एकतर्फी लादता येत नाही, आणि आपल्या कायद्याच्या मांडणीतही स्वीकृती ही कृतीच मानली आहे. त्यामुळे नुसते पैसे येऊन पडल्याने तुम्ही बांधले जात नाही, असे माझे मत आहे. पण ते पैसे वापरायला लागणे, पावती पाठवणे, खाते शून्य करणे या सगळ्या कृतीच आहेत. म्हणून नियम तोच, फक्त घड्याळ आता एसएमएसपासून सुरू होते.

माझा हाच पक्षकार त्याच खरेदीदाराला अजून माल देतो; धंद्यात असा अपमान गिळावा लागतो. गेल्या गुरुवारी सकाळी त्याच्या मोबाइलवर मेसेज आला. ३,१५,००० रुपयांच्या बिलावर २,६०,००० जमा, शेऱ्यात `FULL AND FINAL`. त्याने अकरा वाजून वीस मिनिटांनी ईमेल पाठवला : रक्कम हिशेबापोटी जमा केली आहे, ५५,००० येणे बाकी, तडजोड अमान्य, आपली हरकत असल्यास बँक तपशील कळवा, रक्कम परत करतो. प्रत मला. सोबत एक ओळ जास्तीची, "साहेब, या वेळी क्रेडिट नोट मागितली तर अकाउंटंटला सांगून ठेवलंय, आधी तुम्हाला फोन." समोरून अजून उत्तर आलेले नाही.